आधी टायटल ब्लॉक की आधी मापं?

जळगाव एमआयडीसीत ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की बरेच जण थेट मापंच उतरवायला बसतात, काम पटकन होतं खरं, पण ४० मिमी लांबीसमोर टॉलरन्स लिहिलेलाच नसतो आणि मापांच्या लिस्टमधला टॉलरन्सचा रकाना रिकामा राहतो. मी आधी टायटल ब्लॉक वाचतो: युनिट, रिव्हिजन, मटेरियल आणि `ISO 2768-m`, म्हणजे टॉलरन्स न लिहिलेल्या मापांना लागणारा सर्वसाधारण टॉलरन्स. मग ४० ला ±०.३ लागतोच. `Ø25 H7` च्या भोकाला मात्र हे लावायचं नाही, त्याचा टॉलरन्स H7 नेच ठरतो, तिथे +०.०२१ आणि ० असंच लिहायचं. फोटो तिरका असला की `Ø25` चं `025` वाचलं जातं, तेव्हा तेवढ्याच कोपऱ्याचा सरळ क्लोजअप परत मागवा, फोटोवर पट्टी लावून माप अजिबात काढू नका.