बिलावर ‘कोल्हापूर न्यायालय’ छापलं होतं, तरी 41,200 पौंड अडकले

रक्कम आधी सांगतो, म्हणजे कुणी ‘किरकोळ असेल’ म्हणणार नाही. 41,200 पौंड, तेव्हाच्या 105 रुपये दराने 43 लाख 26 हजार. शिरोली एमआयडीसीतून इंग्लंडला गेलेल्या पंप केसिंगचा चौथा लॉट होता. पहिल्या तिन्हींचे पैसे वेळेवर आले आणि चौथा 90 दिवसांच्या उधारीवर गेला. पुढचं ओळखलंच असेल. 88व्या दिवशी ‘कास्टिंगमध्ये ब्लो-होल आहेत’, म्हणजे ओतकामात हवेची छिद्रं आहेत, म्हणून मेल आला. सोबत दोन फोटो, आणि माल कोणत्या ओतीचा हे सांगणारा हीट नंबर एकातही दिसत नाही.

आम्ही निर्धास्त होतो, कारण आमच्या प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘कोल्हापूर न्यायकक्षेच्या अधीन’ असं छापलेलं असतं. पण बिल मालासोबत जातं आणि करार त्याआधीच झालेला असतो. तो झाला ऑर्डर अ‍ॅक्नॉलेजमेंटवर. ऑर्डर मान्य असल्याच्या त्या कागदात बारीक अक्षरांत एक ओळ होती: वाद फक्त इंग्लंडच्या न्यायालयांत, तिथल्याच कायद्याने. त्या ओळीच्या बरोबर खाली आमची सही आणि गोल शिक्का. शिक्क्याची शाई ‘फक्त’ या शब्दावरच सांडली आहे. तो कागद आजही बघवत नाही. ऑर्डर हातची जाईल म्हणून घाईत सही केली. गावातले निम्मे कारखानदार तशीच करतात, हेही खरं.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब’ एवढंच ऐकवून वाटेला लावलं. अर्जाची पोच मिळवायला तीन हेलपाटे. बँकेला वादाशी देणंघेणं नाही. निर्यातीचे पैसे का आले नाहीत, याचा खुलासा मात्र दर तिमाहीला हवा. विम्याने तर कहर केला: खरेदीदाराने मालाच्या दर्जावर वाद घातला असेल तर आधी खरेदीदाराच्या देशातल्या न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने आणा, मग दाव्याचं बघू. ही अट पॉलिसीत असते. हप्ता भरण्याआधी वाचा.

मग कोल्हापुरात व्यावसायिक दावा. त्याआधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या 12-अ कलमाची मध्यस्थी करावीच लागते. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. समोरचा मध्यस्थीला फिरकलाच नाही. समन्स परदेशात बजावण्याच्या हेग करारातून इंग्लंडला पोचायला महिने गेले. आणि त्यांच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो शिक्क्याचा कागद पुढे ठेवला.

आमची सगळी भिस्त ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’वर, म्हणजे दावा अधिक योग्य न्यायालयात चालावा या तत्त्वावर होती. साक्षीदार इथे, हीट रजिस्टर इथे, टेस्ट बार इथे, मग इंग्लंड कसं सोयीचं? हा युक्तिवाद ऐकायला फार गोड लागतो. पण हे तत्त्व मुळात प्रतिवादीचं हत्यार आहे. इंग्लंडच्या 1986च्या स्पिलियाडा निकालानुसार दुसरं न्यायालय स्पष्टपणे अधिक योग्य आहे हे आधी प्रतिवादी दाखवतो, मग तिथे न्याय मिळणार नाही हे फिर्यादीने दाखवायचं. शिवाय ही तुलना करार गप्प असतो तेव्हाची. ‘फक्त’ असं लिहून दिलं की तुलना संपते आणि त्यातून सुटायला सबळ कारण लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2003च्या मोदी एंटरटेनमेंट प्रकरणात मान्य केलं की पक्षकार परक्या देशाचं न्यायालय करारानं निवडू शकतात; सही करतानाच दिसत असलेली गैरसोय नंतर कारण म्हणून चालत नाही. साक्षीदार शिरोलीत आहेत हे आम्हाला सही करतानाच माहीत होतं की! 14 महिने आणि कोर्ट फी, दोन्ही पाण्यात.

समोरचा आलाच नसता आणि एकतर्फी हुकूमनामा मिळाला असता, तरी उपयोग शून्य. पैसा इंग्लंडच्या बँकेत. तिथे परदेशी निकालांच्या अंमलबजावणीच्या 1933च्या कायद्याखाली भारतीय निकाल नोंदवता येतो, पण प्रतिवादीने इथलं अधिकारक्षेत्र आधी मान्य केलेलं असेल किंवा तो इथे येऊन गुणदोषांवर लढला असेल तर. नुसती हरकत घ्यायला येणं म्हणजे मान्य करणं नव्हे. म्हणून कोल्हापूरचं कलम खरेदीदाराच्या सहीनिशी करारात हवं, बिलावर नको. त्याच कलमात ‘विक्रेता खरेदीदाराच्या देशातही दावा लावू शकेल’ असं घाला, नाहीतर तोच पिंजरा आपल्यावर पडतो.

इंग्लंडमध्ये करारभंगाची मुदत 6 वर्षं, त्यामुळे ते दार उघडं होतं. पण या रकमेवर दाव्याची फी 5 टक्के, म्हणजे 2,060 पौंड, आणि परदेशी फिर्यादी म्हणून समोरच्याच्या खर्चापोटी आधी तारण भरा असा अर्ज तयार. तारणाचा आकडा ऐकून भागीदार गप्प बसले. 17,500 पौंडांवर तडजोड झाली. राहिलेले 23,700 बँकेच्या थकीत यादीत तसेच आहेत, आणि खुलाशाचं पत्र परवा पुन्हा आलं.