एकच गोळी, दोन चिठ्ठ्या: रिफॅक्सिमिन चौदा दिवस की महिनोन्‌महिने?

मिरजेत औषधाचं दुकान चालवताना एक गोष्ट वरचेवर दिसते. सकाळी तासगावकडचा एखादा मुलगा वडिलांसाठी रिफॅक्सिमिन ५५० घेऊन जातो आणि दुपारी पलूसची एखादी बाई तीच गोळी पोटफुगीसाठी मागते. स्ट्रिप तीच, मिलिग्रॅम तेच. पण एकाला ती महिनोन्‌महिने चालू ठेवायची असते आणि दुसरीला दोन आठवड्यांत थांबवायची असते. आमच्याकडे जी गल्लत होते ती इथेच. पहिला लवकर बंद करतो, दुसरी बंदच करत नाही.

त्या तासगावच्या मुलाच्या बाबतीत चूक माझी होती, म्हणून आधी तेच सांगतो. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, द्राक्षबागायतदार, लिव्हर सिऱ्हॉसिस. पहिल्यांदा बद्धकोष्ठता झाली आणि तीन दिवसांत ते भलतंच बोलायला लागले. दवाखान्यात शौच साफ करणारं गोड पातळ औषध, लॅक्ट्युलोज, दिलं, शुद्धीवर आले. तीन महिन्यांनी काही कारण नसताना पुन्हा तसंच झालं. दिवसा झोप, रात्री जागरण, सही वाकडी, मोटारीचं बटण कुठलं ते आठवेना. या वेळी डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजला जोडून रिफॅक्सिमिन ५५० सकाळ-संध्याकाळ लिहिलं. पाच आठवड्यांनी मुलगा आला, म्हणाला, "आबा एकदम टकाटक हायत. अजून गोळ्या लागत्यात का?" मी गर्दीत होतो. सवयीनं विचारून गेलो, "अँटिबायोटिकचा कोर्स झाला न्हवं?" त्याला तेवढंच पुरलं. तीन आठवड्यांत आबा पुन्हा ॲडमिट.

अँटिबायोटिक म्हटलं की पाच दिवस किंवा सात दिवसांचा कोर्स, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ते इथे का चालत नाही, हे कळायला गोळी पोटात काय करते ते बघायला हवं.

पोटात गेल्यावर

रिफॅक्सिमिन हे टीबीच्या रिफॅम्पिसिनच्या घराण्यातलं औषध. जिवाणूंना प्रथिनं बनवण्यासाठी आधी जनुकांची नक्कल करावी लागते. ती करणाऱ्या यंत्रणेला ही गोळी चिकटून बसते आणि काम थांबवते. रिफॅम्पिसिनही हेच करतं. फरक एवढाच की रिफॅक्सिमिन रक्तात जवळजवळ जातच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकी सगळं आतड्यातून पुढे सरकतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. म्हणून ते इतर अँटिबायोटिक्सपेक्षा सोसायला सोपं जातं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, पण पित्तात विरघळतं. लहान आतड्यात पित्त भरपूर असतं, तिथे त्याचा जोर चांगला चालतो. लहान आतड्याच्या शेवटी बहुतेक पित्तक्षार शरीर परत ओढून घेतं. त्यामुळे मोठ्या आतड्यात जिवाणूंची संख्या फारशी घटत नाही. तिथे ते जिवाणूंची वागणूक आणि आतड्याचं अस्तर यांवर परिणाम करतं, असं समजलं जातं.

आता दोन्ही आजार शेजारी ठेवू. पोटफुगीवाल्या बाईला अडचण आहे ती लहान आतड्यात. जिथे जिवाणू मोजके असायला हवेत तिथे त्यांनी वस्ती केली आहे, अन्न पचायच्या आधीच ते आंबवतात आणि गॅस होतो. गोळीचा जोर नेमका तिथेच चालतो. वस्ती पातळ झाली की काम झालं.

आबांचं तसं नाही. आतड्यात अमोनिया रोजच तयार होतो. काही युरिया फोडणाऱ्या जिवाणूंकडून, काही आतड्याच्या पेशींमध्ये ग्लुटामिनपासून. निरोगी यकृत तो रक्तातून काढून टाकतं. सिऱ्हॉसिसमध्ये यकृत कमी पडतं, शिवाय रक्त त्याला वळसा घालून पुढे जातं, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. गोळी अमोनियाची आवक कमी करते, यकृत दुरुस्त करत नाही. गोळी बंद केली की आवक पूर्ववत, आणि यकृत तसंच थकलेलं. म्हणजे पलूसच्या बाईसाठी ही साफसफाई आहे, तर आबांसाठी बांध. बांध काढला की पाणी पुन्हा शेतात.

यकृतासाठी: किती आणि कुठवर

२०१० मध्ये अमेरिकेत या कामासाठी औषधाला मान्यता मिळाली ती ५५० दिवसातून दोनदा या मात्रेला. तिच्यामागच्या चाचणीत २९९ रुग्ण होते. सगळ्यांना त्याआधीच्या सहा महिन्यांत किमान दोनदा आबांसारखा भान हरपण्याचा झटका आलेला, आणि चाचणी सुरू होताना ते शुद्धीवर होते. सहा महिन्यांत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर शंभरातल्या ४६ जणांना पुन्हा झटका आला, रिफॅक्सिमिनवर २२ जणांना. यातले दहापैकी नऊजण लॅक्ट्युलोजही घेत होते. त्यामुळे "गोळी महाग आहे, पण ती चालू केली की ते गोड औषध सुटेल" हा हिशेब चुकीचा. गोळी लॅक्ट्युलोजच्या जोडीला आहे, जागी नाही.

पहिल्याच झटक्यानंतर बहुतेक डॉक्टर एकटं लॅक्ट्युलोज देतात आणि ते चालू असताना दुसरा झटका आला की रिफॅक्सिमिन जोडतात. मग बंद कधी? तारीख ठरलेली नसते. दोन वर्षांहून जास्त काळ घेतलेल्या रुग्णांवरही लक्ष ठेवलं गेलं आहे, आणि गोळी चालू ठेवल्यामुळे त्यांच्यात संसर्ग वाढल्याचं दिसलं नाही. यकृत प्रत्यारोपण झालं, किंवा दारू सुटून यकृताची ताकद परत आली आणि झटक्याचं कारणही नीट आवरलं गेलं, तर डॉक्टर थांबवून बघतात. घरच्यांनी तो प्रयोग करू नये.

आमच्याकडे ४०० ची गोळी दिवसातून तीनदा अशीही चिठ्ठी येते. १२०० आणि ११०० यांत फार फरक नाही. पण ५५० ची चिठ्ठी घेऊन ४०० ची स्ट्रिप दिवसातून दोनदा घेतली तर दिवसाला ८०० च पोटात जातात. भाव कमी म्हणून हे होतं, मी पाहिलंय.

गोळी चालू असतानाही झटका आला तर गोळी "लागू पडत नाही" असं म्हणायच्या आधी कारण शोधायचं: शौच दोन दिवस झालेलं नाही, काळी शौच म्हणजे आत रक्तस्राव, ताप, पोटातल्या पाण्याचा संसर्ग, लघवीच्या गोळ्यांनी पाणी आणि सोडियम उतरलेलं, झोपेची गोळी. लॅक्ट्युलोजचं माप दिवसाला दोन-तीन मऊ शौचाएवढं असतं. सहा-सात जुलाब होऊ लागले तर अंगातलं पाणी जाऊन उलट झटका येतो. आणि डाळ-अंडी तोडायची नाहीत, प्रथिनं कमी केली की स्नायू झडतात आणि अमोनिया खपवणारी आणखी एक जागा कमी होते.

घरी ओळखायची सोपी खूण: हात पुढे करून पंजे मागे ताठ धरायला सांगा, ते फडफडतात का बघा. दुसरी, एका मिनिटात प्राण्यांची नावं घ्यायला लावा. एरवी पंधरा-वीस नावं घेणारा माणूस दहाच्या आत अडखळला तर दवाखाना गाठा.

पोटफुगीसाठी: मोजून चौदा दिवस

जिवाणू वाढण्याच्या तक्रारीला साधारण ५५० दिवसातून तीनदा, चौदा दिवस देतात. म्हणजे दिवसाची मात्रा आबांच्या दीडपट, पण एकूण गोळ्या ४२. आबांना महिन्याला ६०, दर महिन्याला. या कामासाठी रिफॅक्सिमिनला अमेरिकेत वेगळी मान्यता नाही, डॉक्टर अनुभवावर देतात. तिथे २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती आयबीएस म्हणजे चिडक्या आतड्याच्या आजारातल्या जुलाबाच्या प्रकाराला, याच मात्रेत चौदा दिवस, आणि तक्रार परतली तर आणखी दोनदा.

पलूसच्या शिक्षिकाबाईंना पहिल्या कोर्सनं झकास आराम पडला. दीड महिन्यानं पोट पुन्हा फुगायला लागलं तेव्हा त्यांनी जुनी चिठ्ठी पुढे केली, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी मी गोळ्या द्यायला नाही म्हटलं. तक्रार परतणं नवल नाही. कोर्सनंतर बऱ्या झालेल्यांवर झालेल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांत शंभरातल्या चव्वेचाळीस जणांची श्वासाची चाचणी पुन्हा बिघडली होती. पण परत का आली, हा प्रश्न गोळी सोडवत नाही. बाई दोन वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत होत्या, कुणी बंद करा म्हटलं नव्हतं म्हणून. पोटातलं आम्ल कमी झालं की जिवाणूंना वर चढायला रान मोकळं. जुना मधुमेह आणि पोटाच्या ऑपरेशननंतरचे चिकटे हीदेखील नेहमीची कारणं.

चौदा दिवसांत काहीच फरक पडला नाही तर कोर्स वाढवू नका, निदान तपासा. श्वासाच्या चाचणीत ग्लुकोज पिऊन नव्वद मिनिटांत हायड्रोजन २० पीपीएमनं वाढला तर ती पॉझिटिव्ह धरतात. त्याआधीचे चार आठवडे अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, नाहीतर चाचणीचे पैसे वाया. गॅस मिथेन निघाला, म्हणजे बहुधा बद्धकोष्ठतावाला रुग्ण, तर एकटी रिफॅक्सिमिन कमी पडते. आणि वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतोय, शौचात रक्त आहे, तर गॅसची गोळी मागायला माझ्या काउंटरवर येऊ नका. आतड्याचा टीबी आपल्याकडे आहे आणि रक्तात न जाणारी गोळी त्याला भिडत नाही.

दोघांनाही लागू असलेलं थोडंसं: रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी जास्त वेळा करून घ्या. प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत ही गोळी रक्तात कितीतरी पट जास्त उतरते, यकृत फार बिघडलेल्यांतही बरीच जास्त. गोळी घेताना पाण्यासारखे जुलाब आणि ताप सुरू झाला तर आतड्यात नवा संसर्ग झालाय का ते बघावं लागतं.

मग तुमची चिठ्ठी कुठली? निदानाच्या जागी यकृताचं नाव असेल तर स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची घ्या. गॅस, पोटफुगी असेल तर डॉक्टरांना चौदावा दिवस कुठला ते चिठ्ठीवर लिहून मागा. दोन्ही असतील तर? सिऱ्हॉसिसमध्ये लहान आतड्यात जिवाणू वाढणं नेहमीचंच आहे, तेव्हा यकृताची चिठ्ठी वरचढ धरायची.

शिक्षिकाबाईंची ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. तासगावचा मुलगा आता महिन्याच्या वीस तारखेला येतो. ऑक्टोबरात आला तेव्हा सहाऐवजी सात स्ट्रिप मागितल्या. छाटणी सुरू होती, पुढच्या महिन्यात वेळेवर मिरजेला येणं जमेल असं त्याला वाटत नव्हतं.