पोर्टलवरचं पान की स्वतःची वेबसाइट? निर्यातीला निघालेल्या मिरची गिरणीसाठी

समजा, कळमेश्वरच्या एमआयडीसीत तुमची मिरची पावडरची गिरणी आहे. आयईसी कोड काढलाय, स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी झालीय आणि आता परदेशी गिऱ्हाईक हवंय. एखाद्या बीटूबी पोर्टलची सशुल्क मेंबरशिप घ्यायची की त्या पैशात स्वतःची वेबसाइट करायची?

दोन्हींचं काम वेगळं आहे. पोर्टलवर माणूस शोधायला येतो. तुमच्या वेबसाइटवर तो बहुतेक वेळा खात्री करायला येतो, म्हणजे तुमचा मेल वाचून किंवा प्रदर्शनात कार्ड घेऊन गेल्यावर. नवी साइट टाकली आणि दुबईहून चौकश्या सुरू झाल्या, असं सहसा होत नाही. वेबसाइटवाले तसं सांगतात, तो त्यांचा धंदा आहे.

पोर्टलवर चौकशी लवकर येते, पण तीच चौकशी गुंटूरच्या आणि उंझ्याच्या विक्रेत्यांनाही गेलेली असते. मग बोलणं थेट भावावर येतं. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे आणि तुम्ही खरंच तीच दळता, हे सांगायला तिथे जागाच उरत नाही.

स्वतःच्या साइटचा खरा फायदा प्रमाणपत्रांच्या पानावर दिसतो. पोर्टलवर लोगोंची रांग लावता येते आणि सगळेच लावतात. अनुभवी खरेदीदार लोगो बघत नाही, तो नंबर तपासतो. म्हणून एफएसएसएआय लायसन्सचा 14 अंकी नंबर, आयएसओ 22000 चं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेने दिलं, त्याची मुदत कधी संपते आणि त्यावर कुठल्या युनिटचा पत्ता आहे, हे सगळं मजकुरात लिहा. पत्ता हिंगण्याच्या जुन्या शेडचा आणि माल कळमेश्वरहून जाणार, एवढ्यावरूनही बोलणी अडतात. ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ तर लिहूच नका. अमेरिकेची एफडीए अन्नाच्या कारखान्याची फक्त नोंदणी करते. ती मंजुरी नसते आणि तिचं प्रमाणपत्रही एफडीए देत नाही. ती नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. जाणकार खरेदीदाराला तो शब्द दिसला की बाकीच्या पानावरचाही विश्वास उडतो.

युरोपचा खरेदीदार आणखी एक गोष्ट बघतो, अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे मालात तयार होणारं विष. तिथे मिरचीला त्यातल्या बी1 प्रकाराची मर्यादा किलोला 5 मायक्रोग्रॅम आणि एकूण 10 आहे. ‘आमचा माल अफ्लाटॉक्सिनमुक्त’ असं लिहिण्यापेक्षा एका बॅचचा लॅब रिपोर्ट तारखेसकट ठेवा आणि प्रत्येक बॅचचा रिपोर्ट मागितल्यावर देतो, असं लिहा. मात्र दोन वर्षं जुना रिपोर्ट तसाच पडून राहणार असेल, तर तो नसलेलाच बरा.

सॅम्पलच्या बाबतीत पोर्टल जास्त त्रास देतं. तिथून फुकट सॅम्पल मागणारे बरेच येतात आणि प्रत्येकाला नियम नव्याने समजावत बसावं लागतं. साइटवर एकदाच लिहून टाकता येतं: 250 ग्रॅम माल मोफत, कुरिअरचा खर्च खरेदीदाराच्या अकाउंटवर किंवा आधी भरून, पहिल्या ऑर्डरमध्ये वळता. ज्याला खरंच माल हवाय तो कुरिअरच्या पैशावरून घासाघीस करत नाही. सॅम्पलवर बॅच नंबर टाका आणि त्याच बॅचची सीलबंद पुडी स्वतःकडे ठेवा. पुढे ‘कंटेनरमधला रंग सॅम्पलसारखा नाही’ अशी तक्रार आली, तर तीच पुडी कामी येते. अमेरिकेला पाठवताना सॅम्पललाही एफडीएची प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय अशी आधी दिलेली सूचना, लागते. ती नसेल तर पाकीट तिकडे अडकतं.

चौकशीच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. नाव, मेल आणि ‘मेसेज’ एवढंच ठेवलं तर ‘सेंड बेस्ट प्राइस’ एवढंच येणार. देश, पोहोचवायचं बंदर, महिन्याचं प्रमाण, पॅकिंग, तिखटपणा आणि आस्टा रंगमूल्य, म्हणजे मिरचीचा रंग किती गडद याचं माप, विचारा. आस्टा माहीत नसेल, तर तो बहुधा दलाल आहे. तोही चालतो, पण त्याला उत्तर वेगळं द्यायचं. भाव एफओबी न्हावाशेवा, म्हणजे तिथे माल जहाजावर चढवेपर्यंतचा, की नागपूरच्या कंटेनर डेपोपर्यंतचा, हे तिथेच लिहून टाका. फॉर्मचे मेल स्पॅममध्ये पडतात, म्हणून अधूनमधून स्वतःच भरून बघा. बँकेचा तपशील साइटवर नकोच, तो प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरच द्या. ‘आमची बँक बदललीय’ असा खोटा मेल मध्येच घुसवून पैसे लाटणारे असतात, म्हणून बँक बदलल्याचं आम्ही मेलवर कधीच कळवत नाही, अशी ओळ साइटवर टाका.

तर निवड अशी करा. आयएसओ अजून हातात नसेल आणि गल्फचे छोटे दुकानदार चालत असतील, तर वर्षभर पोर्टलवर काढा. फक्त डोमेन आणि त्यावरचा मेल आत्ताच घ्या, कारण फुकटच्या जीमेलवरून आलेलं कोटेशन मोठा खरेदीदार गंभीरपणे घेत नाही. युरोप-अमेरिकेकडे बघत असाल तर आधी साइट करा, चारच पानांची चालेल. मात्र प्रमाणपत्रांच्या तारखा बदलणारा माणूस गिरणीतलाच असू द्या. साइट बनवणाऱ्याला फोन लावून आठवडाभर वाट बघावी लागली, तर मुदत संपलेलं प्रमाणपत्र तेवढे दिवस सगळ्यांना दिसत राहतं.