क्राउडफंडिंग: शूटच्या आधी की शूटनंतर?

समजा २५ मिनिटांचा लघुपट आहे. शूट तीन दिवसांचं आणि एकूण खर्च ३ लाख. लोकांकडून पैसे उभे करायचे, तर ते शूटच्या आधी मागायचे की नंतर?

आधी मागणार असाल, तर ‘लक्ष्य गाठलं तरच पैसे’ ही पद्धत घ्या. किकस्टार्टर ही वेबसाइट अशीच चालते: मुदतीत लक्ष्य पूर्ण झालं नाही, तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. (भारतातल्या निर्मात्याला तिथे मोहीम सुरू करता येत नाही, अमेरिकेतल्या मराठी निर्मात्याला येते.) ‘जमेल तेवढं घ्या’ या पद्धतीत दीड लाखावर गाडी अडली, तर शूट होत नाही आणि पैसे देणाऱ्यांना दिलेला बक्षिसांचा शब्द मात्र अंगावर राहतो.

आता आकडे. प्लॅटफॉर्मचं कमिशन १० टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८ टक्के गेले. शंभर जणांना पोस्टर पाठवायचं, तर छपाई, नळी आणि कुरिअर मिळून प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २० हजार. हातात ३ लाख उरायला लक्ष्य ३ लाख ६५ हजार ठेवावं लागतं.

एवढे देणार कोण? फोनमधली नावं काढून बसा. नाव घेऊन मेसेज करता येईल अशी ३०० माणसं निघाली, त्यातल्या दर चौथ्या माणसाने सरासरी दीड हजार दिले, तर १ लाख १२ हजार होतात. अनोळखी लोक पहिल्याच फिल्मला क्वचित देतात, त्यांच्यावर हिशोब बांधू नका.

म्हणून पहिल्या फिल्मसाठी मला दुसरा रस्ता जास्त पटतो. २ लाख १० हजारांत स्वतः, मित्रांच्या मदतीने शूट उरका आणि एडिट, साउंड, कलर यांच्या ९० हजारांसाठी मोहीम करा. तीस पोस्टर धरूनही लक्ष्य १ लाख १० हजारांतच बसतं. इथे ‘जमेल तेवढं’ चालतं, कारण निम्म्या पैशांत निदान एडिट तरी पूर्ण होतं.

टीझरचा फरक तर फार मोठा. आमच्या लघुपटाच्या वेळी शूटआधी आमच्याकडे दाखवायला फक्त ड्रोनने घेतलेला घाट होता, आणि लोक विचारायचे, “पैसे नक्की कशाला?” शूटनंतर नव्वद सेकंदांचा नवा टीझर केला. सुरुवातीला स्वयंपाकघरातला एक अख्खा प्रसंग, मग दिग्दर्शिका कॅमेऱ्यात बघून सांगते की ९० हजारांतले ४० हजार साउंडला लागणार आहेत. त्यानंतर तो प्रश्न आला नाही.

बक्षिसं दोन्हीकडे सारखीच ठेवा: ५०० ला नामावलीत नाव आणि खासगी लिंक, १५०० ला सही केलेलं पोस्टर, १० हजारांना पहिल्या खेळाचं आमंत्रण आणि सहयोगी निर्माता म्हणून श्रेय. टी-शर्ट टाळा, मापांच्या घोळात पैसे जातात. नफ्यातला वाटा तर अजिबात कबूल करू नका. ते बक्षीस राहत नाही, गुंतवणूक होते, आणि मग सेबीचे नियम आडवे येतात.