कांदा भजी: खेकडा करावी की गोल?

दोन्हींना आपण कांदा भजीच म्हणतो, पण कुरकुरीतपणाच्या बाबतीत त्यांची जात वेगळी आहे. खेकडा भजीत पीठ कांद्याला जेमतेम चिकटलेलं असतं. गोल भजीत सैलसर पिठात कांदा बुडालेला असतो. कढईतून काढली की दोन्ही कुरकुरीत लागतात. फरक कळतो तो दहा मिनिटांनी. गोल भजीच्या आतल्या ओल्या पिठातली वाफ बाहेर येते आणि वरचं कवच सादळतं. खेकड्यात आत ओलावा कमी असल्याने ती बराच वेळ टिकते. म्हणून नुसता कुरकुरीतपणा हवा असेल तर माझं मत खेकड्याला. आतून लुसलुशीत हवी असेल, घरात दात नसलेली आजी-आजोबा मंडळी असतील, तर गोल भजी करा आणि कढईतून थेट ताटात वाढा.

खेकड्याचं सगळं गणित कांद्याच्या पाण्यावर आहे. तीन मध्यम कांदे, साधारण 300 ग्रॅम, उभे आणि पातळ चिरा. पाऊण चमचा मीठ लावून पाकळ्या हाताने मोकळ्या करा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, तेवढंच पाणी पिठाला पुरतं. आता तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घाला आणि बेसन एकदम न ओतता मुठीमुठीने भुरभुरवत मिसळा. एवढ्या कांद्याला सपाट एक वाटी, म्हणजे 100 ग्रॅमच्या आसपास, बेसन लागतं. चिमटीत उचललेला कांदा एकमेकाला धरून राहिला, तरी पाकळ्या दिसत राहिल्या, की थांबायचं. नव्या ओल्या कांद्याला पाणी जास्त सुटतं. तेव्हा बेसन वाढवत बसण्यापेक्षा थोडं पाणी पिळून टाकलेलं बरं, नाहीतर भजी पिठूळ होतात. कालवलेलं पीठ ठेवून देऊ नका, कांद्याला पाणी सुटतच राहतं आणि अर्ध्या तासात ते सैल होतं.

गोल भजीला वरून पाणी घालावं लागतं, आणि घोटाळा तिथेच होतो. पीठ चमच्यातून धारेने पडलं तर ते फार पातळ आहे. तेलात पसरतं आणि तेल पितं. जड गोळ्यासारखं धप्पकन पडलं तर भजी आत कच्ची राहते. रेंगाळत, सलग पडलं पाहिजे. इथे चिमूटभर सोडा चालतो, त्याने भजी हलकी होते. जास्त झाला तर ती तेलकट होते आणि लवकर लालसर पडते. खेकड्याला सोड्याची गरजच नाही.

तांदळाच्या पिठाचं काम दोन्हींत सारखं, प्रमाण वेगळं. बेसनात प्रथिनं भरपूर, ते पाणी धरून ठेवतं आणि निवल्यावर मऊ पडतं. तांदळात मुख्यतः स्टार्च. तळल्यावर त्याचं कवच कडक, ठिसूळ होतं. खेकड्यासाठी चार भाग बेसनाला एक भाग तांदळाचं पीठ, म्हणजे वरच्या मापात दोन मोठे चमचे, पुरेसं आहे. गोल भजीत त्याच्या निम्मं घाला. जास्त झालं तर लुसलुशीतपणा जातो. अर्ध्याहून अधिक तांदूळ घातला तर भजी दाताला टणक लागते आणि बेसनाची खमंग चवही हरवते. तांदळाचं पीठ घरात नसेल तर चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन घाला. त्याने भजी खुसखुशीत होते, पण तांदळाचा कडकपणा येत नाही.

आता तेल. मोजायचं साधन असेल तर 170 ते 180 अंश सेल्सिअस. नसेल तर पिठाचा थेंब सोडा. तो तळाला बसून राहिला तर तेल थंड आहे. टाकताक्षणी करपू लागला तर फार तापलंय. बुडबुड्यांसह लगेच वर आला की घाणा सोडा. कढईत गर्दी केली की तेल निवतं आणि भजी ते शोषून घेतात. गोल भजीला मध्यम आच सतत हवी, आतलं पीठ शिजायला वेळ लागतो. खेकड्याला सुरुवात थोड्या मोठ्या आचेवर, मग मध्यम. बुडबुडे बरेच ओसरले की आतलं पाणी निघून गेलं असं समजा. रंगावर जाऊ नका, हळदीने तो फसवतो.

काढल्यावर भजी डब्यात झाकू नका, एकावर एक रचूही नका. चाळणीत पसरा, म्हणजे खालूनही वाफ जाईल. पाहुणे उशिरा येणार असतील तर खेकडा भजी फिकट रंगावर काढून ठेवा आणि ते आल्यावर चांगल्या तापलेल्या तेलात मिनिटभर पुन्हा सोडा. गोल भजीला हा उपाय तितका लागू पडत नाही. कवच कडक होतं, पण आतला ओलावा तसाच असतो, आणि ती पुन्हा सादळते.