रात्रीच्या गाडीत स्क्रीन: गडद नकाशा, आपोआप ब्राइटनेस की पिवळी छटा?

ताम्हिणी घाटात रात्री बरेच किलोमीटर रस्त्यावर एकही दिवा नसतो. अशा वेळी डॅशबोर्डवरची दहा इंची स्क्रीन पांढरा नकाशा दाखवत असेल, तर डाव्या खिडकीच्या काचेत दुसरा नकाशा दिसतो आणि वळणाच्या कडेचा दगड दिसायला क्षणभर उशीर होतो. मग माणूस सेटिंगमध्ये शिरतो आणि समोर तीन पर्याय येतात: डार्क मोड, ऑटो ब्राइटनेस, नाइट डिस्प्ले. नावं ऐकून तिन्ही एकच वाटतात, पण कामं निरनिराळी आहेत. डार्क मोड चित्रातले रंग उलटवतो, ऑटो ब्राइटनेस चित्रामागचा दिवा कमी-जास्त करतो आणि नाइट डिस्प्ले निळा रंग कमी करून सगळं पिवळट करतो.

माझं मत आधीच सांगतो. पहिला नंबर ब्राइटनेसचा, दुसरा गडद नकाशाचा आणि पिवळी छटा नसली तरी काही अडत नाही.

थोडा हिशेब करू. पडद्याची उजळता ‘निट’मध्ये मोजतात. समजा, २२ बाय १२ सेंटीमीटरचा पडदा ३०० निटवर पांढराशुभ्र आहे, डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर आहे आणि रस्त्याकडे पाहताना नजरेच्या ३० अंश बाजूला आहे. डोळ्यात शिरणारा हा तिरका उजेड आतल्या आत विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर पातळ धुकं पसरावं तसा पसरतो. प्रकाशशास्त्रात वापरलं जाणारं ठोकळ सूत्र लावलं, तर हे धुकं साधारण ०.१५ निटचं येतं. आकडा किरकोळ वाटतो. पण डिपर लाइटमध्ये पुढचा डांबरी रस्ताच एक निटच्या आसपास, लांबवर त्याहूनही कमी उजळलेला असतो. म्हणजे अंधाऱ्या कडेला दिसणाऱ्या फरकावर हा पडदा थेट डल्ला मारतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं विखुरणं वाढतं. सत्तरीत ते तरुणपणाच्या जवळपास दुप्पट धरतात.

आता याच पडद्यावर गडद नकाशा लावा. उजळ भाग एक दशांश उरला, तर धुकंही एक दशांशावर येतं. किंवा नकाशा पांढराच ठेवून उजळता ३०० वरून २० निटवर आणा, तेव्हाही परिणाम जवळपास तितकाच. मग ब्राइटनेस वरचढ कसा? कारण आपण पडद्याकडे नुसते तिरके पाहत नाही, वळण आलं की थेट पाहतो. गडद नकाशावरची पांढरी अक्षरं आणि निळी रेघ अजून ३०० निटचीच असतात. नजर परत रस्त्यावर गेली की त्यांचा ठसा काही क्षण डोळ्यांपुढे राहतो. शिवाय डार्क मोड सगळीकडे पोचत नाही. गाण्याच्या कव्हरचं पांढरं चित्र तसंच राहतं आणि रिव्हर्स कॅमेऱ्याच्या चित्राशी त्याचा काहीच संबंध नसतो. अंधाऱ्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना तोंडावर उजेड फेकतो तो कॅमेराच, आणि त्याला फक्त ब्राइटनेस आवरतो. साध्या एलसीडीत काळ्यामागेही दिवा जळत असतो, त्यामुळे पूर्ण ब्राइटनेसवरचा ‘काळा’ रात्री राखाडी दिसतो. ओएलईडी पडद्यात काळा खरोखर बंद असतो, तिथे गडद नकाशाचं पारडं जड होतं.

पण आपोआप म्हणजे नेमकं कशावरून, हे गाडीगणिक बदलतं आणि खरी गडबड तिथेच होते. काही गाड्या हेडलाइट किंवा पार्किंग लाइट लागला की रात्र झाली असं समजतात. काहींमध्ये प्रकाशाचा सेन्सर असतो, बहुधा पुढच्या काचेजवळ डॅशबोर्डवर छोट्या घुमटासारखा. नेमक्या त्याच सपाट जागी आपल्याकडे गणपती बसतो. मूर्तीची सावली किंवा डॅशबोर्डची मॅट सेन्सरवर आली की भर दुपारी गाडीला रात्र वाटते. पडदा मंदावतो आणि हेडलाइट ऑटोवर असतील तर तेही लागतात. असं होत असेल, तर मेकॅनिककडे जाण्याआधी मूर्ती चार बोटं सरकवा.

दिव्यांवर चालणाऱ्या गाडीची अडचण उलटी असते. पावसाळ्यात दिवसा लाइट लावले की पडदा रात्रीच्या पातळीवर जातो आणि वाचताच येत नाही. मीटरची उजळता कमी-जास्त करणारी चकती असते, ती पूर्ण वर फिरवली की बऱ्याच गाड्यांत हा रात्रीचा मंदपणा रद्द होतो. संध्याकाळी ती खाली आणायला मात्र विसरू नका.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची गोष्ट वेगळी. त्यामागे ‘ILL’ लिहिलेली एक वायर असते, बहुधा नारिंगी. पार्किंग लाइटच्या १२ व्होल्टला ती जोडली तरच स्टिरिओला रात्र कळते. माझ्या जुन्या गाडीत बसवणाऱ्याने ती टेप गुंडाळून तशीच सोडली होती आणि दोन वर्षं मी स्टिरिओलाच नावं ठेवत होतो. तपासणी सोपी आहे: अंधारात उभ्या गाडीत पार्किंग लाइट लावा. पडदा मंद झाला नाही, तर आधी स्टिरिओची सेटिंग पाहा, मग वायर.

गडद नकाशा कायमचा लावावा का? कारप्लेमध्ये Always Dark असा पर्याय आहे आणि अँड्रॉइड ऑटोमध्येही दिवस-रात्र आपण ठरवू शकतो. मी तो आपोआपवरच ठेवतो. एप्रिलच्या उन्हात काळा पडदा आरशासारखा वागतो. त्यात आपला शर्ट, छत आणि बोटांचे ठसे दिसतात, रस्त्याची रेघ दिसत नाही. दिवसा पांढरा नकाशाच डोळ्यांना कमी ताण देतो. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी, कडेला पिसारा आल्यासारखी दिसू शकतात. त्यांनी रात्रीसुद्धा पांढरा नकाशा अगदी मंद करून पाहावा, आणि दोन्ही नकाशे रात्री पडताळून जो पटेल तो ठेवावा.

पिवळ्या छटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला जास्त बिचकतात, म्हणून छटेला आधार आहे. पण त्या छटेत नकाशावरचा नारिंगी ट्रॅफिक आणि लाल ट्रॅफिक एकमेकांत मिसळतात. फोनवर लावलेला नाइट लाइट माझ्या अनुभवात गाडीच्या पडद्यावर उतरतही नाही. फोन होल्डरला लावूनच नकाशा पाहणाऱ्यांनी तो वापरावा, तोही ब्राइटनेस उतरवल्यानंतर.

चौथा पर्याय बहुतेक जण विसरतात: पडदा बंद करणं. साब या स्वीडिश कंपनीच्या गाड्यांत ‘नाइट पॅनल’ नावाचं बटण असायचं. ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकीचं सगळं अंधारात जायचं आणि काही बिघडलं तरच संबंधित काटा उजळायचा. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या मेनूत डिस्प्ले बंद करायची सोय असते आणि नकाशाचा आवाज चालूच राहतो. ओळखीच्या घाटात मी तेच करतो.

शहरातच रात्री फिरत असाल, तर सेन्सरवाला ऑटो ब्राइटनेस कधीकधी खटकेल. पथदिव्यांखाली पडदा सारखा वर-खाली होत राहतो. असं होत असेल, तर ऑटो काढून रात्रीची पातळी हाताने ठरवा. ती ठरवायची मात्र घराच्या गेटवरच्या ट्यूबलाइटखाली नाही. अंधाऱ्या रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी थांबवा, आतला दिवा बंद करा, पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग अक्षरं जेमतेम वाचता येतील आणि डाव्या काचेत नकाशा दिसणार नाही, इतकं खाली आणा.