हँड मिक्सर, सात-आठ महिन्यांनंतर: वॅट पुरे, पण एक नंबर वैताग

या मिक्सरचा एक नंबरचा स्पीड ज्याने ठरवला, त्याला एकदा माझ्या ओट्याशी उभं करून कोको घातलेलं मिश्रण फेटायला लावायला हवं. ३०० वॅट, पाच स्पीड, टर्बो, दोन बीटर, दोन हुक हे सगळं खोक्यावर असतंच, त्यात मी शिरत नाही. पण एक नंबर म्हणजे हळू, असं कुणाला वाटत असेल तर विसरा. बटण सरकवलं की मैदा-कोकोची वावटळ उठते आणि मागच्या टाइल्स पुसत बसावं लागतं. उपाय एकच: बीटर मिश्रणात बुडवून, बंद मिक्सरनेच चार वेळा ढवळायचं, पीठ ओलं झालं की मग बटण. तेही पंधरा-वीस सेकंदच. मैदा पडल्यावर जास्त फेटलं की केक चिवट होतो, आत लांबट भोकं पडतात. उरलेलं मी स्पॅटुलानेच कालवते.

सुरुवातीचे महिने माझं मत एवढंच होतं: मशीन चांगलं, एक नंबर भिकार. डिसेंबरात ते बदललं.

ऑर्डरचे दोन केक होते. पाव किलो बटर थंडीने दगड झालेलं, त्यात तेवढीच पिठीसाखर. जपून म्हणून एक नंबरवरच चालवलं. बटरचा गोळा बीटरमध्ये अडकून गरगर फिरायला लागला, आवाज खाली गेला आणि करपट वास आला. मागच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या आणि मिक्सर बंद पडला.

सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडूनही न बघता सांगितलं, "मॅडम, मोटर गेली. तुम्ही ऑर्डर घेता, म्हणजे कमर्शियल वापर, वॉरंटी नाही." मोटरचा आकडा ऐकून मी मिक्सर उचलला आणि तडक गल्लीतल्या मिक्सर-मिस्त्रींकडे गेले. काकांनी चार स्क्रू काढले. वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, शाबूत होतं, फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजले होते आणि जाळीत पिठीसाखरेचा थर. कार्बन बदलून, साफ करून दीडशे रुपयांत काम झालं. घरी घेऊन जाताना त्यांनी जे सांगितलं ते माहितीपत्रकात कुठेच नाही.

या मोटरला स्वतःचा ठरलेला वेग नसतो. मोकळी असली की सुसाट पळते, ओझं आलं की मंदावते. म्हणून कोरड्या पिठात एक नंबर उधळतो आणि तोच घट्ट बटरमध्ये गुदमरतो. मंदावलेली मोटर करंट जास्त ओढते, आणि तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असल्याने तोही हळू फिरतो. म्हणजे मिश्रण घट्ट असेल तेव्हा एक नंबर मोटरला आराम देत नाही, भाजतो. आता बटर बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ झाल्याशिवाय मी मिक्सर हातात घेत नाही, आणि घेतला की दोन-तीन नंबरवर. आवाज खाली जायला लागला की थांबायचं, कडा खरवडायच्या. पाच मिनिटांहून जास्त सलग चालवायचा नाही. मागच्या जाळीला हात लावून बघायचा, गरम लागली तर गार होईपर्यंत बाजूला.

क्रीमच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. केकवाले जे नॉन-डेअरी क्रीम वापरतात ते फ्रीजमध्ये सुटू द्यायचं, थोडे बर्फाचे कण असतानाच अरुंद, खोल, गार केलेल्या पातेल्यात घ्यायचं. पसरट भांड्यात बीटर बुडतच नाहीत. फेस येईपर्यंत एक नंबर, मग तीन. बीटरच्या रेघा पुसल्या जाईनाशा झाल्या की परत दोनवर. बीटर उचलल्यावर टोक वाकलं तर अजून थोडं, ताठ राहिलं तर बास. टर्बोला हात लावू नका, ताठ टोकापासून रवाळ व्हायला काही सेकंदच लागतात. रवाळ झालंच तर दोन-तीन चमचे पातळ क्रीम घालून हाताने हलकं कालवा, बहुतेक वेळा सावरतं. साध्या फ्रेश क्रीमकडून ही अपेक्षा नको. त्यात स्निग्धांश साधारण २५ टक्के, फुलायला तीसच्या पुढे लागतो.

बीटरबद्दल थोडं. सोबत येतात ते चपट्या पट्टीचे, मध्ये दांडी असलेले. बटर-साखरेला उत्तम, पण क्रीम मधल्या दांडीला चिकटून बसतं. दांडी नसलेले बारीक तारेचे बीटर हवा जास्त पकडतात आणि क्रीम लवकर उभं राहतं. माझ्या कंपनीत ते सुटे मिळत नाहीत म्हणे, आणि दुसऱ्या कंपनीचे भोकात बसत नाहीत. घेण्याआधी दुकानात विचारा.

पीठ मळायचे हुक अजून पिशवीतच आहेत. बटरने हे हाल झाले, कणकेत घालायची माझी छाती नाही.